पाच अवस्था, दहा वाटा

महिना संपत आला की मोबाइलवर संदेश येतो: अमुक कंपनीचे १९९ रुपये उद्या तुमच्या खात्यातून वळते होणार आहेत. कार्डावरून किंवा यूपीआयवरून दरमहा आपोआप होणाऱ्या वसुलीआधी किमान २४ तास अशी सूचना मिळाली पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ग्राहकाला दिसतो तो एवढाच भाग. त्याच्यामागे कंपनीच्या डेटाबेसमध्ये या ग्राहकाच्या वर्गणीची एक ओळ असते आणि त्या ओळीत एक छोटासा रकाना असतो: वर्गणीची सध्याची अवस्था काय? पैसे कापायचे की नाहीत, अंक उघडून द्यायचा की दार बंद करायचं, हे त्या एका शब्दावरून ठरतं. तो शब्द चुकला तर एखाद्याचे पैसे जातात आणि वाचायला काही मिळत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा एक मराठी डिजिटल मासिक आहे. वर्गणी महिन्याला १९९ रुपये, पहिले १४ दिवस फुकट. एका वाचक बाईंनी १७ जानेवारी २०२५ रोजी नोंदणी केली. त्यांची वर्गणी तेव्हा ‘ट्रायल’मध्ये आहे. ३१ जानेवारीला पहिले पैसे कापले जातात आणि ती ‘चालू’ होते. २८ फेब्रुवारीला खात्यात शिल्लक नसते, वसुली फसते आणि वर्गणी ‘थकीत’ होते. पुढे पैसे भरले तर पुन्हा चालू, नाही भरले तर ‘रद्द’. मे महिन्यात बाई परदेशी लेकीकडे निघाल्या आणि वर्गणी थोडे दिवस थांबवावी म्हणाल्या, तर ‘स्थगित’. अवस्था या पाचच.

पुष्कळ ठिकाणी हे पहिल्यांदा लिहिताना प्रोग्रामर चार होय-नाही रकाने करतो: ट्रायल आहे का, चालू आहे का, स्थगित आहे का, रद्द आहे का. करायला सोपं आणि वाचायलाही सोपं. पण चार होय-नाहींच्या सोळा जोड्या होतात आणि त्यांतल्या बहुतेकांना काही अर्थच नसतो. ‘चालू: होय’ आणि ‘रद्द: होय’ अशी ओळ दिसली तर काय समजायचं? कुणीतरी रद्द करताना चालूचा रकाना बदलायला विसरलं, की रद्द झालेली वर्गणी पुन्हा सुरू करताना रद्दचा रकाना तसाच राहिला? डेटाबेस हे सांगू शकत नाही, कारण ती ओळ लिहिली जात असताना त्याने हरकत घेतलेली नसते.

म्हणून पहिली सुधारणा: रकाना एकच, आणि त्यात पाचांपैकी एकच शब्द चालेल अशी अट डेटाबेसच्याच अंगी घालायची.

```sql
status text NOT NULL CHECK (status IN
  ('trialing','active','past_due','paused','cancelled'))
```

ही अट दिसते त्याहून जास्त उपयोगाची आहे. पैसे वसूल करून देणाऱ्या कंपन्यांचेही आपापले शब्द असतात. रद्द झालेल्या वर्गणीला रेझरपे `cancelled` म्हणतं, तर स्ट्राइप `canceled`, एका l ने. बाहेरून आलेला शब्द जसाच्या तसा रकान्यात टाकणारा प्रोग्राम या अटीवर लगेच आपटतो आणि चूक त्याच दिवशी कळते. अट नसेल तर तो शब्द मुकाट्याने आत जाऊन बसतो, आणि रद्द वर्गण्यांच्या यादीत काही ओळी कधीच सापडत नाहीत.

पण ही अट फक्त नव्या शब्दाकडे पाहते. आधी तिथे काय होतं ते तिला दिसत नाही. रद्द झालेली वर्गणी एका फटक्यात पुन्हा ‘ट्रायल’ केली तरी तिची तक्रार नसते, कारण ट्रायल हा शब्द यादीत आहेच. इथून पुढे स्टेट मशीनची गरज लागते. कल्पना जुनी आहे. जॉर्ज मीली यांनी १९५५ साली आणि एडवर्ड मूर यांनी १९५६ साली विजेच्या मंडलांच्या संदर्भात ती नीट मांडली, आणि त्या दोघांच्या नावाची यंत्रं आजही अभ्यासक्रमात शिकवली जातात. आपल्या कामापुरता तिचा गाभा असा: अवस्था मोजक्या असतात, आणि कोणत्या अवस्थेतून कोणत्या अवस्थेत जाता येतं हे आधीच ठरलेलं असतं. जे ठरलेलं नाही ते घडू द्यायचं नाही.

पाच अवस्थांमध्ये एकीतून दुसरीत जायच्या वाटा वीस होतात. आपल्या मासिकासाठी त्यांतल्या दहाच उघड्या ठेवू. ट्रायलमधून चालू, थकीत किंवा रद्द. चालूमधून थकीत, स्थगित किंवा रद्द. थकीतमधून चालू किंवा रद्द. स्थगितमधून चालू किंवा रद्द. रद्दमधून कुठेच नाही.

बंद ठेवलेल्या दहा वाटा जास्त विचार करायला लावतात. ट्रायलमध्ये येणारी एकही वाट नाही, म्हणजे त्याच वर्गणीवर पुन्हा चौदा दिवस फुकट वाचता येणार नाही. थकीतमधून स्थगितमध्ये जाता येत नाही, नाहीतर पैसे बाकी असलेला प्रत्येक जण वर्गणी थांबवून बाकी टाळू शकेल. आधी बाकी भरा, मग थांबवा. आणि रद्दमधून परत येता येत नाही. बाईंना सहा महिन्यांनी पुन्हा वर्गणी घ्यावीशी वाटली तर नवी ओळ तयार होते. याला काही जण विरोध करतात. जुनीच ओळ जिवंत केली तर बिघडलं कुठे, म्हणतात. बिघडतं ते हिशोबात. जुन्या ओळीवर जुना दर आणि जुन्या तारखा असतात, आणि ज्या मँडेटवर, म्हणजे बँकेला दिलेल्या वसुलीच्या परवानगीवर, ती चालत होती ते बहुधा ग्राहकाने मागे घेतलेलं असतं. तीच ओळ उठवली की ‘या बाईंनी मार्च ते ऑगस्ट वर्गणी भरली नव्हती’ ही साधी गोष्टही नंतर सिद्ध करणं कठीण जातं.

या दहा वाटा प्रोग्रामच्या ओळींमध्ये पेरून ठेवण्यापेक्षा डेटाबेसमध्ये एका लहानशा टेबलात मांडाव्यात, असं माझं ठाम मत आहे. कारण डेटाबेसला हात लावणारा प्रोग्राम एकच नसतो. वेबसाइट असते, मोबाइल ॲप असतं, रात्री चालणारा जॉब असतो, ग्राहक सेवेतल्या माणसाचं पॅनेल असतं, आणि एखाद्या शुक्रवारी संध्याकाळी घाईघाईने हाताने चालवलेली क्वेरीही असते. नियम एका प्रोग्राममध्ये असेल तर बाकीच्यांना तो लागू होत नाही.

```sql
CREATE TABLE allowed_moves (
  from_status text, to_status text,
  PRIMARY KEY (from_status, to_status)
);
```

याच्या जोडीला इतिहासाचं एक टेबल लागतं: कोणती वर्गणी, कुठून कुठे, कधी, कशामुळे. त्यातल्या ‘कुठून-कुठे’ या जोडीवर फॉरेन की लावायची, म्हणजे ती जोडी दहा वाटांच्या टेबलात असेल तरच इतिहासाची नोंद होईल. मग वर्गणीच्या टेबलावर एक ट्रिगर बसवायचा: अवस्था बदलली की इतिहासात नोंद त्याने स्वतः करायची. वाट बंद असेल तर नोंद होत नाही, नोंद होत नाही म्हणून तो अख्खा बदलच मागे फिरतो. नियम आणि नोंदवही एकाच यंत्रणेत येतात. ‘माझी वर्गणी कधी आणि का बंद झाली?’ असा फोन आला तर उत्तर देणाऱ्याला अंदाज करावा लागत नाही.

आता थकीतकडे येऊ, कारण यंत्राची खरी परीक्षा तिथे होते. आपल्या बाईंची वसुली २८ फेब्रुवारीला फसली. मासिकाचं धोरण असं समजू: सात दिवसांची सवलत, त्या काळात वाचन चालू, मध्ये २ आणि ५ मार्चला पुन्हा प्रयत्न, आणि ७ मार्च संपेपर्यंत पैसे आले नाहीत तर रद्द. २ आणि ५ मार्चचे प्रयत्नही फसले. ७ मार्चला रात्री पावणेबाराला बाईंनी आठवणीच्या संदेशातल्या लिंकवरून पैसे भरले. बँकेकडून ‘पैसे मिळाले’ हा निरोप मासिकाच्या सर्व्हरकडे यायला काही मिनिटं लागली. अशा निरोपांना वेबहूक म्हणतात. तेवढ्यात बारा वाजून एक सेकंदाने रात्रीचा जॉब सुरू झाला.

जॉबने आधी मुदत संपलेल्या थकीत वर्गण्यांची यादी वाचली. त्यात बाईंची वर्गणी होती. तो यादीतली एकेक ओळ रद्द करत निघाला. दोन सेकंदांनी वेबहूक आला, त्याला ओळ थकीत दिसली, त्याने ती चालू केली. आणखी एका सेकंदाने जॉब तिथे पोचला आणि त्याने आपल्या हातातल्या यादीवर विसंबून ती रद्द केली. पैसे घेतले, वर्गणी बंद. जॉब बरोबर होता, वेबहूकही बरोबर होता. ओळ वाचणं आणि ओळ लिहिणं यांच्यामध्ये जग बदललं होतं. शिवाय यंत्राच्या दृष्टीने काहीही बेकायदा घडलेलं नाही. थकीतमधून चालू ही वाट उघडी आहे आणि चालूमधून रद्द हीसुद्धा.

उपाय असा, की लिहितानाच ‘अजून तीच अवस्था असेल तर’ अशी अट घालायची.

```sql
UPDATE subscriptions
   SET status = 'cancelled', cancelled_at = now()
 WHERE id = 4711
   AND status = 'past_due'
   AND grace_ends_at <= now();
```

पोस्टग्रेसच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये एकाच ओळीवर दोन बदल एकाच वेळी आले तर दुसरा पहिल्याची वाट पाहतो, आणि पहिला पूर्ण झाला की आपली अट नव्या ओळीवर पुन्हा तपासून घेतो. त्यामुळे इथे जॉबला उत्तर मिळतं: बदललेल्या ओळी शून्य. हा शून्य वाचायचा असतो. अनेक प्रोग्राम क्वेरी चालवतात आणि किती ओळी बदलल्या ते बघतच नाहीत. मग अट घालूनही ‘तुमची वर्गणी रद्द झाली आहे’ असा ईमेल बाईंना जातो.

उलट क्रमही होऊ शकतो. जॉब आधी पोचला, वर्गणी रद्द झाली, आणि पैशांचा निरोप नंतर आला. आता वेबहूकच्या वाट्याला शून्य येतो, पण पैसे तर खरोखर आलेले आहेत. निरोप फेकून देणं हा उपाय नव्हे. बाईंनी मुदतीच्या आत, पावणेबाराला पैसे भरले होते. म्हणून रद्द करण्याआधी जॉबने त्या बिलावर एखादं पेमेंट अर्धवट अवस्थेत आहे का हे वसुली करणाऱ्या कंपनीला विचारावं, आणि असेल तर ती ओळ त्या रात्री सोडून द्यावी. इतकं करूनही एखादं पेमेंट उशिरा येऊन रद्द वर्गणीवर आदळलंच, तर पैसे परत किंवा त्या तारखेपासून नवी वर्गणी, यांपैकी एक ठरवून ठेवलेलं असावं.

वेबहूकचा आणखी एक स्वभाव लक्षात घ्यावा लागतो. तोच निरोप दोनदा येऊ शकतो, आणि निरोप घडलेल्या क्रमानेच येतील याची हमी नसते. स्ट्राइपच्या कागदपत्रांत हे स्पष्ट लिहिलं आहे. दोनदा येण्यावर इलाज सोपा: प्रत्येक निरोपाला क्रमांक असतो, तो एका टेबलात युनिक ठेवायचा, दुसऱ्यांदा आलेला आपोआप नाकारला जातो. उलटसुलट क्रम मात्र फसवा आहे. समजा ५ मार्चच्या फसलेल्या प्रयत्नाचा निरोप कुठेतरी अडकला आणि ८ तारखेला, पैसे भरून झाल्यावर, पोचला. वर्गणी चालू आहे. ‘वसुली फसली’ म्हणजे चालूमधून थकीत, आणि ही वाट तर उघडी आहे! यंत्र अडवणार नाही आणि पैसे भरलेल्या बाई पुन्हा थकबाकीदार ठरतील.

दहा वाटांच्या टेबलाची मर्यादा इथे उघडी पडते. वाट आहे म्हणून जायलाच हवं असं नसतं. जायला कारण लागतं, आणि ते कारण बिलाजवळ असतं. म्हणून बिलांचं टेबल वेगळं ठेवायचं, एका वर्गणीच्या एका कालखंडाला एकच बिल राहील अशी युनिक अट त्यावर लावायची, आणि नियम असा करायचा: फसलेल्या वसुलीमुळे वर्गणी थकीत तेव्हाच होईल, जेव्हा त्या निरोपातलं बिल अजून न भरलेलं असेल. ५ मार्चचा निरोप ज्या बिलाबद्दल होता ते ७ मार्चला भरलं गेलं. निरोप नोंदवला जातो, अवस्था हलत नाही. लिंकवरून भरलेले पैसे आणि आपोआप होणारा पुढचा प्रयत्न, दोन्हींनी एकाच महिन्याचे पैसे घेणं टाळायलाही हेच एक बिल उपयोगी पडतं: कोणताही प्रयत्न करण्याआधी ते भरलेलं आहे का हे पाहायचं.

बाईंचं पुढचं बिल कधीचं? पहिला कालखंड ३१ जानेवारी ते २८ फेब्रुवारी. २८ फेब्रुवारीत एक महिना मिळवला तर २८ मार्च येते, आणि बाईंचे तीन दिवस कायमचे गळतात. म्हणून मागच्या तारखेत एकेक महिना मिळवत जाऊ नये. मूळ तारीख, ३१ जानेवारी, जपून ठेवायची आणि दर वेळी तिच्यातच मिळवायचं: दोन महिने मिळवले की ३१ मार्च, तीन मिळवले की ३० एप्रिल, चार मिळवले की ३१ मे.

१० मे रोजी बाईंनी वर्गणी स्थगित केली. भरलेल्या मुदतीचे २१ दिवस शिल्लक होते, तो आकडा ओळीत लिहून ठेवला. १५ जुलैला परत आल्यावर वर्गणी चालू झाली आणि मुदत ५ ऑगस्टपर्यंत गेली. आता मूळ तारीखही बदलून ५ केली पाहिजे. स्थगितीत एक छुपी अडचण आहे. ३१ मेच्या वसुलीची आगाऊ सूचना बँकेकडून गेलेली असताना ३० तारखेला कुणी स्थगिती मागितली, तर नुसता शब्द बदलून भागत नाही, ती वाटेवर असलेली वसुलीही थांबवावी लागते. आणि बाहेरच्या यंत्रणेत ‘थांबवणे’ म्हणजे नेमकं काय हे तपासून घ्यावं. स्ट्राइपमध्ये वसुली थांबवण्यासाठी `pause_collection` ही सोय आहे, पण ती वापरली तरी वर्गणीची अवस्था `active` राहते. तिथली `paused` ही अवस्था येते ती ट्रायल संपून पैसे भरण्याचं साधनच नसलं तर.

१२ ऑगस्टला बाईंनी ‘रद्द करा’ हे बटण दाबलं. पैसे ५ सप्टेंबरपर्यंतचे भरलेले आहेत, तेव्हा त्या दिवसापर्यंत वाचायचा त्यांचा हक्क आहे. इथे सहावी अवस्था करायचा मोह होतो: ‘रद्द होणार आहे’. करू नये. ट्रायलमधला माणूसही हे बटण दाबू शकतो आणि थकीतमधलाही, म्हणजे ही गोष्ट बाकीच्या अवस्थांबरोबर एकाच वेळी खरी असू शकते. जे दुसऱ्या अवस्थेच्या सोबतीने खरं असू शकतं, ते अवस्थेच्या रकान्यात घालू नये. त्याला वेगळा रकाना द्यायचा, `cancel_at_period_end`, आणि ५ सप्टेंबरला जॉबने तो पाहून वर्गणी रद्द करायची. तोवर बाईंचं मन बदललं तर नुसता तो रकाना फिरवायचा. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ग्राहकाने मँडेट काढून टाकलं, तर तेही असंच: मँडेटच्या टेबलात नोंद होते, भरलेली मुदत मात्र चालूच राहते.

हे सगळं नीट चाललंय हे कसं ओळखायचं? रात्रीचा जॉब दोन दिवस बंद पडला तर कुठलीच चूक दिसत नाही. ओळी फक्त जुन्या अवस्थेत पडून राहतात आणि मुदत संपलेली माणसं फुकट वाचत राहतात. त्यासाठी रोज सकाळी एक प्रश्न विचारावा: चालू किंवा ट्रायल असूनही मुदत संपून एक दिवस उलटलेल्या वर्गण्या किती? उत्तर शून्य हवं. दुसरा प्रश्न: भरलेल्या बिलाचा कालखंड आज सुरू असूनही रद्द किंवा थकीत असलेल्या वर्गण्या किती? इथेही शून्य हवा, आणि शून्य नसेल तर त्या ओळी आधी पाहाव्यात, कारण तिथे ग्राहकाचं नुकसान होत असतं. तारखा मोजताना एवढं लक्षात ठेवायचं की सर्व्हर बहुधा जागतिक वेळेवर चालतो. आपला ३१ जानेवारीचा दिवस त्याच्या घड्याळात ३० तारखेच्या साडेसहा वाजता संध्याकाळी सुरू होतो आणि ३१ तारखेच्या साडेसहाला संपतो.

जुन्या, चार होय-नाहीवाल्या टेबलावरून इकडे यायचं असेल तर पहिलं काम मोजणीचं. चारही रकान्यांची प्रत्येक जोडी किती ओळींत आहे ते काढायचं. अर्थ लागणाऱ्या जोड्या सरळ नव्या शब्दात उतरवायच्या. उरलेल्या ओळींसाठी रकान्यांवर विश्वास ठेवायचा नाही. शेवटचं भरलेलं बिल कोणत्या तारखेपर्यंतचं आहे आणि मँडेट जिवंत आहे का, यांवरून त्यांची अवस्था एकेक करून ठरवायची, आणि हे संपल्यावरच अट, दहा वाटांचं टेबल आणि ट्रिगर लावायचे.